फेज आणि कॉन्ट्रास्ट : ऑटोफोकसचे दोन हिशेब

कॅमेऱ्यातील ऑटोफोकसला दोन प्रश्नांची उत्तरे लागतात. लेन्समधील भिंगे कोणत्या दिशेला सरकवायची, आणि किती? फेज डिटेक्शन ही पद्धत दोन्ही उत्तरे एकाच मोजमापात देते. कॉन्ट्रास्ट डिटेक्शन यातील एकही उत्तर थेट देऊ शकत नाही. ती भिंग हलवून पाहते आणि चित्र सुधारले की बिघडले यावरून पुढचे ठरवते. जुने डिजिटल एसएलआर कॅमेरे व्ह्यूफाइंडरमधून पाहताना पहिली पद्धत वापरतात, आणि मागच्या पडद्यावर पाहताना किंवा व्हिडिओ घेताना त्यांना दुसरीवर यावे लागते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर क्षणात फोकस पकडणारा कॅमेरा लाइव्ह व्ह्यूमध्ये पुढेमागे चाचपडत का बसतो, याचे कारण या सक्तीच्या बदलात आहे.

आरशाखालचे यंत्र

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे ४५ अंशांत एक आरसा असतो. तो प्रकाश वर, व्ह्यूफाइंडरकडे वळवतो. हा आरसा मध्यभागी किंचित पारदर्शक असतो हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्यातून आरपार गेलेला थोडा प्रकाश मागच्या दुसऱ्या, लहान आरशावर पडतो आणि तिथून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या ऑटोफोकस मॉड्यूलकडे जातो. लेन्सपासून या मॉड्यूलपर्यंतचा प्रकाशाचा मार्ग आणि लेन्सपासून मुख्य सेन्सरपर्यंतचा मार्ग यांची लांबी सारखी ठेवलेली असते, त्यामुळे मॉड्यूलला जे स्पष्ट दिसते ते सेन्सरवरही स्पष्ट उमटावे अशी अपेक्षा असते. ती नेहमीच पूर्ण होत नाही, त्याविषयी पुढे येईलच.

मॉड्यूलमध्ये छोट्या भिंगांची जोडी असते. एक भिंग मुख्य लेन्सच्या डाव्या कडेकडून आलेला प्रकाश घेते, दुसरे उजव्या कडेकडून आलेला. प्रत्येक भिंगाखाली प्रकाशसंवेदी बिंदूंची एक सरळ ओळ असते. अशा रीतीने एकाच दृश्याच्या दोन प्रतिमा दोन ओळींवर पडतात. फोकस अचूक असेल तर या दोन प्रतिमांमधले अंतर ठरावीक असते, आणि ते कारखान्यातच नोंदवून ठेवलेले असते. लेन्सने प्रतिमा ठरलेल्या प्रतलाच्या अलीकडे जुळवली, तर दोन्ही प्रतिमा एकमेकींच्या जवळ येतात. पलीकडे जुळवली, तर त्या एकमेकींपासून दूर जातात. अंतर कमी झाले की वाढले यावरून दिशा कळते, आणि किती बदलले यावरून चूक किती ते कळते.

एक उदाहरण आकड्यांत घेऊ. ५० मिलिमीटरची लेन्स ३ मीटरवर फोकस करून ठेवली आहे आणि माणूस उभा आहे २ मीटरवर. भिंगाच्या नेहमीच्या सूत्रानुसार ३ मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा लेन्सच्या मागे सुमारे ५०.८५ मिलिमीटरवर तयार होते, तर २ मीटरवरच्या वस्तूची ५१.२८ मिलिमीटरवर. म्हणजे माणसाची प्रतिमा सेन्सरच्या सुमारे ०.४३ मिलिमीटर मागे पडते आहे. लेन्सच्या दोन कडांकडून येणारे किरण एकमेकांशी १:८ या प्रमाणात मिळत असतील, तर या चुकीमुळे दोन प्रतिमा ठरलेल्या जागेपासून ०.४३ भागिले ८, म्हणजे सुमारे ०.०५४ मिलिमीटर सरकतील. मॉड्यूलमधली छोटी भिंगे प्रतिमा आणखी लहान करतात, ती बाब इथे बाजूला ठेवली आहे. मानवी नजरेला हे अंतर काहीच नाही, पण साडेपाच सहस्रांश मिलिमीटरचा एक बिंदू धरला तर हे जवळपास दहा बिंदूंचे अंतर झाले. ते मोजणे इलेक्ट्रॉनिक्सला अवघड नाही. कॅमेरा लेन्सला एकच आज्ञा देतो : या दिशेला, एवढे जा. लेन्स निघते आणि थेट तिथे जाऊन थांबते. फार तर पोहोचल्यावर एकदा पुन्हा मोजून किरकोळ दुरुस्ती होते.

१:८ हे प्रमाण किरण लेन्सच्या कोणत्या भागातून घेतले यावर ठरते. दोन्ही किरण एकमेकांपासून जितके दूर, तितके त्याच चुकीसाठी सरकणे जास्त आणि मोजमाप सूक्ष्म. म्हणूनच बहुतेक फोकस बिंदू एफ/५.६ किंवा त्याहून मोठे तोंड असलेल्या लेन्सवर चालतात आणि काही कॅमेऱ्यांचा मधला बिंदू एफ/२.८ च्या लेन्सवर अधिक अचूक होतो. छायाचित्र एफ/११ वर घ्यायचे असले, तरी फोकस करताना लेन्सचे तोंड पूर्ण उघडे ठेवलेले असते, तेही याच कारणाने.

ही पद्धत एसएलआरमध्ये सर्वमान्य केली ती मिनोल्टाच्या १९८५ च्या ७००० या कॅमेऱ्याने. ऑटोफोकसची यंत्रणा थेट कॅमेऱ्यातच बसवलेला आणि बाजारात खरोखर चाललेला हा पहिला एसएलआर. या तंत्राच्या पेटंटवरून अमेरिकेतील हनीवेल कंपनीने मिनोल्टावर खटला भरला आणि १९९२ मध्ये तो मिटवताना मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजावे लागले. जपानी कॅमेरा उद्योगाला ऑटोफोकस किती महागात पडला, याचा हा एक चोख हिशेब.

चित्र पाहूनच ठरवायचे असेल तर

कॉन्ट्रास्ट डिटेक्शनला वेगळे मॉड्यूल लागत नाही. ज्या सेन्सरवर छायाचित्र उमटते, त्याच्याच आकड्यांवरून ती काम करते. स्पष्ट चित्रात काळ्याशेजारी पांढरे एकदम येते आणि धूसर चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत मधल्या छटा पसरतात. शेजारशेजारच्या बिंदूंमधला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. ही बेरीज जिथे सर्वांत मोठी, तिथे फोकस.

वर्ग कशाला, हे एका काळ्या-पांढऱ्या कडेवरून दिसते. ओळीतील चार बिंदूंचा उजेड २०, २०, २००, २०० असा असेल, तर मधोमध १८० चा फरक आहे. त्याचा वर्ग ३२,४००. फोकस थोडा सुटला आणि तीच कड २०, ८०, १४०, २०० अशी पसरली, तर ६० चे तीन फरक होतात. नुसती बेरीज केली तर ती पुन्हा १८० च भरते, म्हणजे काहीच कळत नाही. वर्ग करून बेरीज केली तर १०,८०० येते. धूसरपणा आकड्यात उतरला.

आता कॅमेऱ्याच्या जागी बसून पाहू. पहिल्या फ्रेममध्ये ही बेरीज ८,१०० आली. याचा अर्थ काय? काहीच नाही. समोरचे दृश्य फिक्या रंगाचे असेल तर ८,१०० हाच उत्तम फोकस असू शकतो, आणि दृश्य ठळक असेल तर हा मोठा धूसरपणा असू शकतो. शिवाय फोकस वस्तूच्या पुढे पडला आहे की मागे, हे एका धूसर चित्रावरून सांगता येत नाही, कारण दोन्ही बाजूंचा धूसरपणा जवळजवळ सारखाच दिसतो. म्हणून भिंग एक पाऊल हलवायचे आणि पुढच्या फ्रेमची वाट पाहायची. आकडा १०,८०० आला, म्हणजे दिशा बरोबर. आणखी एक पाऊल, १६,२००. आणखी एक, ३२,४००. हाच कळस आहे का? कॅमेऱ्याला ते माहीत नाही. त्याला पुढे जावेच लागते, आणि १६,२०० हा आकडा पाहिल्यावरच आपण ओलांडून आलो हे कळते. मग एक पाऊल मागे, पुन्हा ३२,४००, आणि थांबायचे. जुन्या ट्रान्झिस्टरवर स्टेशन लावताना असेच व्हायचे. आवाज स्वच्छ झाला तरी हात थोडा पुढे जायचा, खरखर वाढली की मागे यायचा.

वरच्या उदाहरणात पहिली दिशा नशिबाने बरोबर निघाली, तरी सहा फ्रेम खर्ची पडल्या. सेकंदाला २४ फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात हा पाव सेकंद झाला. पहिले पाऊल उलट पडले, सुरुवातीचा फोकस फार दूर असला किंवा पावले बारीक घ्यावी लागली, तर दहा-पंधरा फ्रेम सहज जातात, आणि प्रत्येक पावलानंतर भिंग थांबून स्थिर होण्याचा वेळ त्यात वेगळाच. छायाचित्रकारांच्या बोलीत याला ‘फोकस हंटिंग’ म्हणतात.

एक गोष्ट मात्र या पद्धतीच्या बाजूने आहे. जिथे मोजले तिथेच चित्र उमटते, त्यामुळे स्थिर वस्तूवर तिचा निकाल फेज डिटेक्शनपेक्षा भरवशाचा असतो. फेज डिटेक्शनचे मॉड्यूल आणि सेन्सर या दोन वेगळ्या जागा आहेत. लहान आरसा केसभर वाकडा बसला किंवा लेन्सच्या जुळणीत थोडा फरक असला, की मॉड्यूलच्या मते अचूक असलेला फोकस सेन्सरवर पुढे किंवा मागे पडतो. याला फ्रंट फोकस आणि बॅक फोकस म्हणतात.

तपासण्याची रीत सोपी आहे. कॅमेरा तिवईवर ठेवायचा, लेन्सचे तोंड पूर्ण उघडायचे. समोर एक सपाट, ठळक छापील कागद आणि त्याच्या बाजूला तिरकी पट्टी अशी ठेवायची की पट्टीवरची एक खूण कागदाच्या नेमक्या प्रतलात येईल. कागदावर एकदा व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून छायाचित्र घ्यायचे आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधून, दर वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. दोन्हींत पट्टीवरचा सर्वांत स्पष्ट आकडा वेगळा आला आणि तीनचार वेळा करूनही फरक त्याच बाजूला राहिला, तर चूक मॉड्यूलच्या जुळणीत आहे. २००७ पासून कॅननच्या १डी मार्क थ्री आणि निकॉनच्या डी३ व डी३०० या कॅमेऱ्यांनी ही चूक मेनूमधून दुरुस्त करण्याची सोय दिली. ज्या स्वस्त कॅमेऱ्यांत ती नाही, तिथे स्थिर वस्तूसाठी लाइव्ह व्ह्यू हाच उपाय राहतो. संथ असला तरी तो खोटे बोलत नाही.

आरसा वर गेला की

लाइव्ह व्ह्यू म्हणजे मुख्य सेन्सरवरचे चित्र सतत पडद्यावर दाखवणे. त्यासाठी सेन्सरवर सतत प्रकाश पडायला हवा, म्हणून आरसा वर जाऊन बसायला हवा आणि शटर उघडे राहायला हवे. मुख्य आरसा वर गेला की त्याच्या मागचा लहान आरसाही मिटून त्याच्याबरोबर जातो. तळातल्या मॉड्यूलकडे प्रकाशाचा एक कणही पोहोचत नाही. कॅमेऱ्यातील सर्वांत वेगवान यंत्र जागच्या जागी धडधाकट असते, पण आंधळे होते.

सुरुवातीच्या कॅमेऱ्यांनी यावर काढलेला तोडगा आता गमतीचा वाटतो. फोकसचे बटण दाबले की आरसा खाली यायचा, पडदा काळा व्हायचा, मॉड्यूल आपले मोजमाप करायचे, लेन्स हलायची, आणि मग आरसा पुन्हा वर जाऊन चित्र परत दिसायचे. कॅननने या प्रकाराला ‘क्विक मोड’ असे नाव दिले. स्थिर छायाचित्रासाठी हे चालून जायचे, पण व्हिडिओ चालू असताना मधूनच चित्र काळे करता येत नाही. तिथे कॉन्ट्रास्ट डिटेक्शनशिवाय पर्याय नव्हता.

निकॉनचा डी९० ऑगस्ट २००८ मध्ये आला. व्हिडिओ घेणारा तो पहिला डिजिटल एसएलआर. त्याचा व्हिडिओ ७२० ओळींचा, सेकंदाला २४ फ्रेमचा होता. या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यूमध्ये कॉन्ट्रास्ट डिटेक्शन होते, पण चित्रण सुरू झाले की ऑटोफोकस बंद. पुढचा फोकस हाताने कडे फिरवून. निकॉनने ही सोय का दिली नसेल, हे एका साध्या प्रसंगावरून समजते.

डी९० च्या आकाराच्या सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२.८ ला लावली आहे आणि एक माणूस ३ मीटर अंतरावरून कॅमेऱ्याकडे चालत येतो आहे. या अंतरावर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे ४० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे फोकसच्या पुढे २० आणि मागे २०. सावकाश चालणारा माणूसही सेकंदाला १.२ मीटर येतो. पुढचे २० सेंटिमीटर तो सेकंदाच्या सहाव्या भागात, म्हणजे चार फ्रेममध्ये ओलांडतो. कॉन्ट्रास्ट डिटेक्शनला कळस शोधायला किमान सहा फ्रेम लागतात हे वर आलेच आहे. शोध संपेपर्यंत माणूस पट्ट्याबाहेर गेलेला असतो आणि सापडलेला कळस जुना झालेला असतो. त्याहून वाईट म्हणजे, शोध चालू असताना आकडा घसरला तर तो भिंग चुकीकडे गेल्यामुळे घसरला की माणूस पुढे आल्यामुळे, हे कॅमेऱ्याला वेगळे करता येत नाही.

फेज डिटेक्शनसाठी हाच प्रसंग सोपा आहे. लागोपाठच्या दोन मोजमापांतून माणसाचा वेग निघतो आणि तो पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून लेन्स आधीच तिकडे पाठवता येते. खेळाची छायाचित्रे घेणारे याच अंदाजाच्या जोरावर धावत्या माणसाची सलग छायाचित्रे घेतात. कॉन्ट्रास्ट पद्धतीत असा अंदाज बांधायला आधार नसतो.

शिवाय छायाचित्रात शोधाशोध दिसत नाही, व्हिडिओत ती चित्रात उतरते. भिंग कळस ओलांडून पुढे जाते आणि मागे येते, ते प्रेक्षकाला चित्र श्वास घेतल्यासारखे फुगताना, मिटताना दिसते. सतत फोकस ठेवायचा तर कॅमेऱ्याला दर काही क्षणांनी भिंग थोडे डळमळवून ‘अजून कळसावरच आहोत ना’ हे पाहावे लागते. माणूस स्थिर बसलेला असतानाही चित्र मधूनच हलकेच सुटते, त्याचे कारण हेच. २०१० मध्ये निकॉनच्या डी३१०० ने चित्रण चालू असतानाही सतत ऑटोफोकसची सोय `AF-F` या नावाने दिली, पण पद्धत कॉन्ट्रास्टचीच राहिली आणि हे डळमळणेही.

मग त्याच काळातले, आणि त्याच्याही आधीचे हँडीकॅम लग्नाचा अख्खा दिवस ऑटोफोकसवर कसे काढायचे? पद्धत त्यांचीही बहुतांशी कॉन्ट्रास्टचीच होती. फरक सेन्सरच्या आकारात होता. हँडीकॅमचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे लेन्सची लांबी अगदी कमी आणि स्पष्ट पट्टा मीटरभराहून मोठा. थोडे पुढेमागे झालेले कुणाला दिसतच नाही. हलवायचे भिंगही हलके, आणि मोटर सततच्या बारीक हालचालीसाठीच घडवलेली. एसएलआरने व्हिडिओला मोठा सेन्सर आणि धूसर पार्श्वभूमीचे सौंदर्य दिले, आणि त्याच सौंदर्याने फोकसची चूक उघडी पाडली.

लेन्सचा वाटा

सगळा दोष कॅमेऱ्यावर टाकणे मात्र बरोबर नाही. एसएलआरच्या लेन्स फेज डिटेक्शनसाठी घडवल्या गेल्या. ‘तिथे जा’ अशी एक आज्ञा घेऊन एका झेपेत पोहोचणे हे त्यांचे काम. कॅननने १९८७ मध्ये आणलेल्या अल्ट्रासोनिक मोटरचे कौतुक झाले ते वेगासाठी आणि कमी आवाजासाठी. कॉन्ट्रास्ट डिटेक्शनला याच्या उलट गुण लागतो : जड भिंग शेकडो वेळा केसभर हलवायचे, थांबवायचे, उलटे फिरवायचे, आणि तेही आवाज न करता. निकॉनच्या जुन्या लेन्समध्ये तर मोटरच नसते. कॅमेऱ्यातील मोटर एका दांड्याने लेन्सचा स्क्रू फिरवते, आणि त्या यंत्रणेची घरघर कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये स्पष्ट ऐकू येते.

लेन्सचा हा वाटा ऑलिम्पसच्या बाबतीत उघड दिसला. आरसा नसलेल्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांना कॉन्ट्रास्ट डिटेक्शनसाठी घडवलेल्या नव्या लेन्स मिळाल्या आणि त्यांचा फोकस झकास चालला. पण ऑलिम्पसच्या जुन्या एसएलआरच्या उत्तम, महागड्या लेन्स अॅडॅप्टर लावून त्याच कॅमेऱ्यांवर बसवल्या की फोकस रेंगाळायचा. त्या लेन्स पुन्हा चपळ झाल्या २०१३ च्या ई-एम१ वर, आणि त्याचे कारण या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच फेज डिटेक्शन होते.

अंधार दोन्ही पद्धतींना त्रास देतो, पण वेगळ्या प्रकारे. कमी उजेडात सेन्सरवर जे दाणे उमटतात, तेही शेजारच्या बिंदूंमधले फरकच असतात. कॉन्ट्रास्टची बेरीज त्यांनी फुगते आणि कळस सपाट होऊन जातो. रात्रीच्या दिव्यांचीही अशीच फसवणूक असते, कारण सुटलेल्या फोकसमध्ये दिव्याची मोठी प्रकाशमान चकती होते आणि तिची ठळक कड कॅमेऱ्याला तपशिलासारखी वाटू शकते. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. सेकंदाला २४ किंवा ३० फ्रेमशी त्याचा मेळ बसत नाही आणि शटरचा वेग जास्त असेल तर प्रत्येक फ्रेमचा उजेड थोडा वेगळा पडतो. भिंग न हलवताही आकडा बदलतो, आणि कॅमेरा हकनाक शोधाला लागतो.

सेन्सरवरच मोजमाप

आरसा वर गेल्यावर मॉड्यूल आंधळे होते, तर मॉड्यूलचे काम सेन्सरलाच शिकवावे, हा उपाय सुचायला सोपा आणि करायला कठीण होता. सोनीने २०१० मध्ये मधली वाट काढली. ए५५ या कॅमेऱ्यात आरसा हलतच नाही. तो पातळ, अर्धपारदर्शक असतो, बराचसा प्रकाश मागे सेन्सरकडे जाऊ देतो आणि उरलेला वर, मॉड्यूलकडे. व्हिडिओतही फेज डिटेक्शन चालू राहिले, पण त्यापायी सेन्सरचा काही प्रकाश कायमचा गेला. हा रस्ता फार लांब गेला नाही.

त्याच वर्षी फुजीफिल्मने एफ३००ईएक्सआर या छोट्या कॅमेऱ्यात सेन्सरवरचे फेज डिटेक्शन आणले. सेन्सरवरचे काही बिंदू अर्धे झाकायचे, काही डाव्या बाजूने, काही उजव्या बाजूने. डावीकडून झाकलेल्या बिंदूंना लेन्सच्या एका बाजूचाच प्रकाश मिळतो आणि उजवीकडून झाकलेल्यांना दुसऱ्या बाजूचा. दोन्ही गटांच्या प्रतिमा जुळवून पाहिल्या की मॉड्यूलमधलेच मोजमाप सेन्सरवर होते. झाकलेल्या बिंदूंनी चित्रात पडलेली भोके शेजाऱ्यांच्या रंगांवरून बुजवावी लागतात, म्हणून ते विरळ पेरलेले असतात. कॅननच्या २०१२ च्या ६५०डी मध्ये अशा बिंदूंनी भिंग अंदाजे जागेपर्यंत न्यायचे आणि शेवटचा टप्पा कॉन्ट्रास्टने गाठायचा अशी जोडणी होती. त्याच सुमारास कॅननने स्टेपर मोटरच्या एसटीएम लेन्स आणल्या, कारण शेवटच्या टप्प्यासाठी लेन्सही तशीच लागते.

निर्णायक बदल झाला जुलै २०१३ मध्ये, कॅननच्या ७०डी मध्ये. त्याच्या २ कोटी २ लाख बिंदूंपैकी प्रत्येक बिंदू दोन भागांत विभागलेला आहे. फोकससाठी दोन्ही भाग वेगळे वाचायचे, चित्रासाठी एकत्र करायचे. काहीच झाकलेले नाही, त्यामुळे काही वायाही जात नाही. चौकटीच्या रुंदीच्या आणि उंचीच्या सुमारे ८० टक्के भागात कुठेही फेज डिटेक्शन चालते. वर पाहिलेला चालत येणारा माणूस ७०डी ने पकडून ठेवला, आणि तेही आरसा वर असताना. कॅननने याला ‘ड्युअल पिक्सेल’ म्हटले.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. प्रत्येक बिंदूचे भाग डावे-उजवे असल्याने आडव्या पट्ट्या, उदाहरणार्थ खिडकीचे आडवे ब्लाइंड, तिला कमी दिसतात. कॅमेरा थोडा तिरका धरला की काम होते. कोऱ्या भिंतीवर मात्र कुठलीच पद्धत चालत नाही, कारण जुळवायलाही काही नाही आणि मोजायलाही काही नाही. पॅनासॉनिकने बराच काळ कॉन्ट्रास्टचीच बाजू धरली. २०१४ च्या जीएच४ पासून तिने धूसरपणाच्या स्वरूपावरून दिशा ओळखण्याची हुशार युक्ती वापरली, पण व्हिडिओतले डळमळणे पुरते गेले नाही, आणि जानेवारी २०२३ मध्ये एस५ टू या कॅमेऱ्यात तिनेही सेन्सरवरचे फेज डिटेक्शन स्वीकारले.

जुना कॅमेरा हाताशी असेल तर त्याच्याकडून जमेल तेवढेच मागावे. चित्रणाआधी फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाकावी, माणूस जिथे थांबणार ती जागा आधीच धरावी, आणि लेन्सचे तोंड एफ/८ च्या आसपास ठेवावे. वरच्याच उदाहरणात एफ/२.८ ऐवजी एफ/८ घेतले तर ४० सेंटिमीटरचा पट्टा सव्वा मीटरच्या आसपास जातो, आणि माणूस दोनतीन पावले चालेपर्यंत फोकसला हात लावावा लागत नाही.

सेकंडहँड घेताना मात्र वर्षावर जाऊ नये. कॅननचा २००डी २०१७ चा आहे आणि त्यात ड्युअल पिक्सेल आहे. भारतात खूप विकला गेलेला १५००डी त्यानंतरचा, २०१८ चा, आणि त्यात ते नाही. त्याच वर्षीच्या ईओएस एम५० मध्ये ते आहे, पण ४के व्हिडिओ सुरू केला की बंद होते आणि कॅमेरा पुन्हा कॉन्ट्रास्टवर येतो. म्हणून माहितीपत्रकात सेन्सरवर फेज डिटेक्शन आहे का एवढेच न पाहता, ते ज्या दर्जाचा व्हिडिओ घ्यायचा आहे त्यात चालते का, हेही विचारून घ्यावे.